उजनी मायनसमध्ये गेल्यावर

धरण बांधायला नको होते, असे मी म्हणत नाही.
नदीकाठी राहूनही चैत्रात हंडाभर पाण्यासाठी
भीमेच्या वाळूत झरे उकरणारी आई मी पाहिली आहे;
आणि सोलापुरात माझी लेक नळ सोडते
तेव्हा त्या पाण्याला आमच्या गावाचा वास येतो,
असेही मी म्हणणार नाही.
पाण्याला कसलाच वास येत नाही.

मोबदला बुडाला, अशी माझी तक्रार नाही.
तो मिळाला, मोजून मिळाला;
वडिलांना सही येत होती, तरी कारकुनाने अंगठाच घेतला,
पण त्यात काही वाईट हेतू नसावा, रांग मोठी होती.

गाव सोडताना आम्ही रडलो नाही.
दाराची सागवानी चौकट उंबऱ्यासकट उचकटून
वाशांबरोबर बैलगाडीत घातली;
जात्याला मात्र जागा उरली नाही,
तेव्हा आई म्हणाली, 'राहू दे, तिकडं गिरणी आहे.'
तिने मागे वळून पाहिले नाही, असे मी सगळ्यांना सांगतो.
मी तिच्या पुढे चालत होतो.

नव्या घरात आमचे काही अडले नाही.
तोच उंबरा तिथे बसवला आहे, आणि त्याला मी अजून ठेचकाळतो,
पण तो वयाचा दोष आहे, उंबऱ्याचा नाही.

साठलेल्या पाण्याशी माझे वैर नाही.
भिगवणला रोहित पक्षी पाहायला गाड्या भरून माणसे येतात,
त्यांना मी हसत नाही.
चिलापीचे कालवण मी खात नाही, ते माळ घातली आहे म्हणून;
दुसरे कारण नाही.
धरणाचा ११७ टीएमसीचा आकडा पेपरात वाचताना
त्यातून आमचे परसू वजा करत मी बसत नाही.

यंदा वैशाखात धरण मायनसमध्ये गेले
(शून्याच्या खालीही पाणी असते, हे आम्हाला उजनीने शिकवले),
पळसनाथाच्या शिखरामागोमाग सगळे देऊळ उघडे पडले,
आणि नातू म्हणाला, 'आबा, तुमचं घर दाखवा.'
घर नाही, हे मी त्याला निघतानाच बजावले होते.
भेगाळलेल्या गाळात शिंपल्यांखेरीज काही नव्हते;
भिंत नव्हती, ओटा नव्हता,
जाते कुठे रुतले असेल याचाही अंदाज येत नव्हता;
तरी देवळाकडे पाठ करून मी बेचाळीस पावले चाललो,
डावीकडे वळलो,
आणि त्या सपाट गाळावर माझा उजवा पाय
वीतभर वर उचलला जाऊन पलीकडे पडला.

'आबा, मधे काय होतं?' नातवाने विचारले.
'काही नाही,' मी म्हणालो,
आणि चपला बाहेर काढायच्या राहिल्या, हे ध्यानात येऊन
मागे फिरलो.