बैलाच्या आठ पत्र्या

४:१० – पुसेगाव, सेवागिरी महाराजांची यात्रा. रसवंतीपाशी पैसे काढायला आईनं शौर्यचं बोट सोडलं. पैसे देऊन हात मागं केला, तर हाताला कुणाची तरी पिशवी लागली.

४:११ – शौर्यला गर्दीत नुसत्या पिशव्या आणि धोतरं दिसतायत. त्यांच्या फटीतून एक पांढरा खिलार बैल आडवा पडलेला दिसला. बैल मेला का? तो तिकडं गेला.

४:१३ – पोरगं पाळण्याकडंच पळालं असणार, असं धरून आई गर्दीबरोबर पुढं निघाली. "शौर्य!" पलीकडं मौत का कुआंचा भोंगा, अलीकडं भेळवाल्याचा. तिची हाक तिलाच ऐकू येईना.

४:१७ – बैल मेला नव्हता. चारी पाय दोरानं आवळलेले, मानेवर एक माणूस बसलेला. दुसरा नख्या तासतोय. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला नालासारख्या दोन लोखंडी पत्र्या. खिळा नखीत तिरका जातो, टोक बाहेर निघतं, ते पकडीनं तोडून हातोडीनं दाबतात. रक्त येत नाही. शौर्य उकिडवा बसला. तीन झाल्या.

४:२१ – आईनं फोन केला. रेंज आहे, पण बाबांना रिंग ऐकू येत नाही. घशाला कोरड. विहीर कुठंय इथं? रस्ता? पोलीस मदत केंद्रातल्या ताईंनी आधी तिला खुर्चीत बसवलं. "कपडे?" तिला फक्त त्याचे डोळे आठवतायत. मग सकाळी दर्शनरांगेत काढलेला फोटो सापडला: पिवळा शर्ट, निळी चड्डी, पायात सँडल. "घरी काय म्हणता?" "पिंट्या."

"मग पिंट्याच पुकारू. आणि बोट कुठं सुटलं? रसवंतीपाशी? तिथं परत जा. पाळण्याकडं आमचा माणूस जातोय."

४:२६ – "कुणाचं रं तू?" पत्रीवाल्यानं विचारलं. शौर्यनं मागं बघितलं. आई नाही. पोटात काहीतरी हललं. मनगटावर सकाळी पेनानं लिहिलेला नंबर घामानं फिसकटलेला, शेवटचे दोन आकडे गेलेले.

"हितंच बस. हलायचं न्हाई." पत्रीवाल्यानं त्याला कुठं नेलं नाही, हे फार बरं केलं. त्यानं आपलं पोरगं केंद्राकडं पिटाळलं.

४:२९ – भोंग्यावर: "पिवळा शर्ट, पिंट्या, कोरेगाव." शौर्य उठून उभा राहिला. "माझं नाव!"

४:३१ – रसवंतीपासून चाळीस पावलांवर, माणसांच्या कोंडाळ्यात, पिवळा शर्ट. आईनं आधी त्याचे दोन्ही दंड धरले, मग जवळ ओढलं. मारायला उचललेला हात त्याच्या पाठीवरच राहिला.

"आई, अजून एक राहिलीय, आठवी."

"केंद्रात सांगा हो कुणीतरी, सापडला म्हणावं! पुकारा थांबवा, आणि पाळण्याकडं गेलेल्यांना परत बोलवा."