विषय: आगळ, आमसूल आणि मालवणी मसाला – लेबलांच्या चित्रांत करायचे बदल (पहिली फेरी)

नमस्कार रोहन,

तिन्ही लेबलं काल रात्री लॅपटॉपवर मोठी करून पाहिली आणि आज सकाळी रंगीत प्रिंट काढून बाटलीला लावूनही पाहिली. मांडणी आवडली. मागचा लाल मातीचा रंग आणि वरची पानांची पट्टी आहे तशीच ठेवा. आपल्या नावासाठी मोकळी सोडलेली जागाही बरोबर आहे. बदल हवेत ते एआयने तयार केलेल्या चित्रांमध्ये, आणि ते बरेच आहेत.

सगळ्यात आधी आगळ. लेबलवर जे फळ आलंय ते रातांबा नाही. बाहेरून ते आलुबुखार दिसतं आणि कापलेल्या फळात लसणाच्या पाकळ्यांसारखा पांढरा गर आहे, म्हणजे ते मँगोस्टीन आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली असल्यामुळे गोंधळ झाला असेल, पण आमच्याकडचं शाळकरी पोरही हे चित्र बघून हसेल. रातांबा लिंबाएवढा असतो, पिकल्यावर गडद लाल होतो आणि देठाशी चार लहान हिरव्या पाकळ्या चिकटलेल्या राहतात. फोडला की जाड लाल साल, आत पांढरट बुळबुळीत गर आणि त्यात बिया. मे महिन्यात काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. त्यात रातांबे फोडणारे हात जवळून दिसतात, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा जांभळ्या झालेल्या आहेत. मला लेबलवर तेच हात हवे आहेत. ज्यांचे हात आहेत त्या ताईंना विचारून त्यांची परवानगी घेतली आहे.

त्याच लेबलवरचा बर्फ, स्ट्रॉ आणि पुदिन्याचा ग्लास पूर्ण काढून टाका. आगळ म्हणजे सरबत नव्हे. त्यात साखर नसते, मीठ असतं. मुंबईची एक गिऱ्हाईक जुन्या लेबलवरचा ग्लास पाहून ते नुसतं पाण्यात घालून प्यायली आणि बाटली खराब निघाली म्हणून फोन केला. ग्लासऐवजी वाटीत सोलकढी दाखवा. रंग फिकट गुलाबी, वर बारीक चिरलेली कोथिंबीर, बस. खाली ठळक अक्षरांत ‘सोलकढी व आमटीसाठी – साखर नाही’ एवढी एक ओळ द्या.

आमसुलाच्या पाउचवर अंगणात रातांबे वाळवणारी बाई आहे. तिच्या डोक्यावरचा पदर आणि गळ्यातले दागिने राजस्थानी आहेत, नथ उजव्या नाकपुडीत आहे, डाव्या हाताला सहा बोटं आहेत. मागच्या घराला घुमट आहे. हे एकेक दुरुस्त करत बसू नका, बाईचं चित्रच काढा. आमच्याकडे खरोखर काम करणाऱ्या बायका असताना, जी कुठेच नाही अशी बाई ‘आमच्या अंगणातून’ या ओळीच्या वर छापणं मला पटत नाही. तिथे खळ्यात वाळत घातलेल्या सालींचा फोटो वापरा. मागे चिऱ्याची भिंत आणि कौलांची उतरती कड दिसते, तेवढं पुरे. आणखी एक, आमसूल लालभडक करू नका. सालींना रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा उन्हात वाळवलं की त्या काळपट जांभळ्या होतात. लाल दाखवलं तर पाउच उघडल्यावर माल जुना आहे असंच वाटणार.

मसाल्याचं थोडक्यात. मिरच्या गुळगुळीत आहेत, आम्ही बेडगी वापरतो, ती सुरकुतलेली असते. कोपऱ्यातले काजू मात्र आठवणीने काढा. आमच्या मसाल्यात काजू नाहीत, आणि काजूची ॲलर्जी असलेला माणूस चित्र बघून पाकीट ठेवून देईल. चित्रात दिसेल ते पाकिटात असलंच पाहिजे, हा नियम तिन्ही लेबलांना लावा.

आता कायद्याच्या गोष्टी. यांत तडजोड नको. तिन्ही चित्रांत एक गोल सोनेरी शिक्का आपोआप आला आहे, आत काहीतरी अक्षरांसारखं आहे. तो भौगोलिक मानांकनाच्या शिक्क्यासारखा दिसतो. कोकमाला मानांकन आहे, पण तो शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि आमची अजून झालेली नाही. शिक्का काढा. शाकाहारी चिन्हाच्या जागी हिरवं पान आलंय, तेही चालणार नाही. हिरव्या चौकोनात भरीव हिरवं वर्तुळ हवं, चौकोनाची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक १४ अंकी असतो, चित्रात ११ आकडे आहेत आणि त्यातला एक तर आकडाच नाही. खरा क्रमांक, घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली किंमत आणि तक्रारीसाठी पत्ता, हे सगळं `label_mahiti.docx` मध्ये टाइप करून दिलंय. तिथूनच कॉपी करा, पुन्हा टाइप करू नका.

यावरूनच सांगते, चित्रातून आलेलं एकही अक्षर ठेवू नका. ‘रत्नागिरी’मधला त्न तुटलाय आणि ‘मालवणी’चा ण ओळखू येत नाही. सगळा मजकूर वेगळ्या लेयरवर खऱ्या फॉन्टमध्ये टाका, आणि ज्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात असाच फॉन्ट घ्या.

छापखान्याशी बोलले. आगळाचं पुढचं लेबल ९ बाय १२ सेंटीमीटर आहे. चारही बाजूंनी ३ मिलीमीटर ब्लीड धरून ३०० डीपीआयला किमान ११३४ बाय १४८९ पिक्सेल लागतात. तुमचं चित्र १०२४ बाय १०२४ आहे, ताणलं तर धूसर होईल. आम्ही दिलेले फोटो मोठे आहेत, त्यामुळे हा प्रश्न फक्त मागच्या पार्श्वभूमीचा उरतो. फाईल सीएमवायकेमध्ये द्या, आणि बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांत आला तर छपाईत अक्षरांना रंगीत कडा येतात.

थोडक्यात, एआय पार्श्वभूमी आणि पोत यांच्यासाठी वापरायला माझी हरकत नाही, ते तुम्ही छान केलंय. माल, माणसं आणि अक्षरं मात्र खरीच हवीत.

ठरल्याप्रमाणे दोन फेऱ्या तुमच्या मानधनात आहेत, ही पहिली. फोटो कापून बसवण्याचं काम वाढलंय हे मला दिसतंय, त्याचे वेगळे किती होतील ते उद्यापर्यंत कळवा, म्हणजे मी लगेच होकार देईन. आगळाचं लेबल आधी करा. गणपतीला आलेले चाकरमानी परतताना सगळ्यात जास्त तेच नेतात, आणि छापखान्याला दहा दिवस लागतात. येत्या गुरुवारी आगळाची पीडीएफ मिळाली तर शुक्रवारी एक प्रूफ काढून बाटलीवर लावून तुम्हाला फोटो पाठवते. बाकी दोन त्यानंतरच्या सोमवारी चालतील. शेवटी लेयरसकट मूळ फाईलही द्या.

फोटोंपैकी एखादा कमी पडत असेल तर सांगा. आमसुलाचं वाळवण आता संपलंय, पण भरलेल्या बरण्या आणि मसाल्याचं कांडप कधीही काढून पाठवता येईल. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, तेव्हा निवांत बोलता येतं.

वैशाली