राष्ट्रीय विज्ञान दिन आंतरशालेय प्रश्नमंजूषा : सूत्रसंचालनाची संहिता

स्थळ : नारायणगाव, ता. जुन्नर
दिनांक : २८ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
गट : इयत्ता ८ वी ते १० वी, प्रत्येक संघात तीन विद्यार्थी
संघ : कृत्तिका, रोहिणी, चित्रा, स्वाती

(कंसातला मजकूर मंचावर वाचायचा नाही. सुरू करण्याआधी चारही बझर एकदा वाजवून घ्या. मुलांना तेवढीच गंमत आणि आपल्यालाही खात्री.)

सुरुवात

नमस्कार! मान्यवर परीक्षक, शिक्षकवृंद आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सर्वांचं स्वागत. १९२८ साली आजच्याच तारखेला सी. व्ही. रामन यांच्या शोधाची नोंद झाली, १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि १९८७ पासून आपण हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. रामन यांच्यावर एक प्रश्न येणार आहे, पण तो तारखेचा नाही. तारीख मी आत्ताच सांगून टाकली!

तीन फेऱ्या आहेत. थेट प्रश्नाला १० गुण, पुढच्या संघाकडे गेलेल्या प्रश्नाला ५. कारण विचारलं असेल तर नुसत्या शब्दावर पूर्ण गुण मिळणार नाहीत. परीक्षकांचा निर्णय अंतिम. प्रेक्षकांतून उत्तर आलं तर प्रश्न बाद, तेव्हा पाठीमागच्या रांगेतल्या हुशार मंडळींनी जरा तोंडावर बोट ठेवावं.

फेरी पहिली : थेट प्रश्न (वेळ ३० सेकंद)

कृत्तिका, तुमच्यासाठी. कुकरमध्ये डाळ पातेल्यापेक्षा लवकर शिजते. आत नेमकं काय बदलतं?
उत्तर : वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो, त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढून साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातो.
(नुसतं ‘दाब वाढतो’ म्हणाले तर ५ गुण.)

रोहिणी, प्रश्न आपल्या घरचा आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पण तबकडी अखंड पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची आहे. भोकांतून लहरी निसटून जात नाहीत का?
उत्तर : नाही. ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी टिपते त्यांची तरंगलांबी जाळीच्या भोकांपेक्षा खूप मोठी असते, म्हणून त्यांच्या दृष्टीने जाळी अखंड आरशासारखीच. शिवाय वजन कमी होतं आणि वारा आरपार जातो.
(वजन आणि वारा एवढंच सांगितलं तर ५. तबकड्या रोज दुरून बघणाऱ्या मुलांकडून तरंगलांबीची अपेक्षा ठेवू या.)

चित्रा. नारायणगावात वर्षातून दोन दिवस भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्लीत असं कधीच होत नाही. का?
उत्तर : सूर्य बरोबर डोक्यावर फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या दरम्यानच येतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

स्वाती. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे स्पष्टीकरण १९२१ च्या बोटप्रवासात रामन यांना पटलं नाही. त्यांनी कोणत्या प्रक्रियेकडे बोट दाखवलं?
उत्तर : पाण्याच्या रेणूंमुळे होणारं प्रकाशाचं विकिरण.
(पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं, असंही कुणी जोडलं तर परीक्षकांनी शाबासकी द्यावी, तेही बरोबरच आहे.)

फेरी दुसरी : बघा आणि सांगा

(दोन प्रयोग. चारही संघ पाटीवर उत्तर लिहितील, बरोबर उत्तराला प्रत्येकी १० गुण.)

पहिला प्रयोग. हा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद. त्यावर साबणाच्या पाण्याने लिहिलं, अक्षरं लाल झाली. आता मीठ, साखर, लिंबू आणि खायचा सोडा यांपैकी कशाने अक्षरं पुन्हा पिवळी होतील?
उत्तर : लिंबू. हळद आम्लारीत लाल होते. आम्ल आलं की पुन्हा पिवळी.

दुसरा प्रयोग. इकडे लक्ष द्या. एका नळीच्या दोन टोकांना दोन फुगे आहेत, एकाच पाकिटातले. एक नारळाएवढा फुगवलाय, एक मोसंबीएवढा. मध्ये चिमटा आहे. मी चिमटा काढल्यावर काय होईल? (अ) दोन्ही सारखे होतील, (ब) मोठा आणखी मोठा होईल, (क) काहीच होणार नाही. एक मिनिट. पाटी उलटी ठेवा, शेजारी डोकावू नका.

(पाट्या वर झाल्याशिवाय चिमटा काढू नका. बहुतेक जण ‘अ’ लिहितील. लहान फुगा अगदी मलूल नको, रबर नीट ताणलेलं हवं. आदल्या दिवशी दोनदा करून पाहा, नाहीतर फजिती ठरलेली.)

उत्तर : ब. लहान फुगा आक्रसतो, मोठा आणखी फुगतो.

आश्चर्य वाटलं ना? फुगा फुगवताना सगळ्यात जास्त जोर कधी लागतो ते आठवा. सुरुवातीच्या फुंकांना! गाल दुखतात ते तेव्हाच. एकदा फुगा मोठा झाला की फुंकणं सोपं जातं. म्हणजे लहान फुग्यात हवेचा दाब जास्त, मोठ्यात कमी. आणि हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. हवा किती भरली आहे यावर नाही, तर दाबावर हे ठरतं.

(इथे गुणफलक वाचून दाखवा.)

फेरी तिसरी : बझर

बरोबर उत्तराला १०, चुकलं तर ५ वजा. बझर वाजला की मी वाचायचं थांबणार, आणि पाच सेकंदांत उत्तर हवं. घाई महागात पडू शकते, हे पहिल्याच प्रश्नात कळेल.

१. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे, तर राज्य फुलपाखरू कोणतं?
उत्तर : ब्लू मॉरमॉन.
(‘राज्यप्राणी’ ऐकताच कुणीतरी बझर दाबून ‘शेकरू’ म्हणणारच. ५ वजा, हसून.)

२. सामान्य तापमानाला द्रव असणारा धातू पारा. मग अधातू कोणता?
उत्तर : ब्रोमीन.

३. रात्री उसाच्या बांधावर बॅटरी मारली की बिबट्याचे डोळे चमकतात. हा उजेड येतो कुठून?
उत्तर : आपल्याच बॅटरीचा. दृष्टिपटलामागचा थर तो परावर्तित करतो.

४. ध्वनी सर्वांत वेगाने कशातून जातो : हवा, पाणी की पोलाद?
उत्तर : पोलाद.

५. मण्यारीच्या दंशाच्या जागी सूज फारशी दिसत नाही, तरी माणूस दगावू शकतो. हे विष मुख्यतः कोणत्या संस्थेवर हल्ला करतं?
उत्तर : चेतासंस्थेवर.
(पुढच्या प्रश्नाआधी हे वाक्य वाचाच : सूज नाही म्हणून थांबायचं नाही, मांत्रिक नाही, थेट दवाखाना.)

६. लोणारचं विवर कोणत्या खडकात तयार झालं?
उत्तर : बेसाल्ट.

७. केंब्रिजमधून १९३९ मध्ये पीएच. डी. मिळवणाऱ्या आणि पुढे नीरेतल्या पोषकद्रव्यांवर काम करणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ कोण?
उत्तर : कमला सोहोनी.

८. पिकलेल्या टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य कोणतं?
उत्तर : लायकोपीन.
(टोमॅटोच्या बाजारपेठेच्या गावात हे कुणालाच आलं नाही, तर प्रेक्षकांना विचारा. त्याला गुण नाहीत, पेन आहे.)

बरोबरी झाल्यास

सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला सरासरी किती सेकंद लागतात? पाटीवर एकच आकडा. जवळचा आकडा जिंकेल.
उत्तर : सुमारे ४९९ सेकंद.
(‘आठ मिनिटं’ पाठ असलेले ४८० लिहितील, तरी चालेल. दोघांनी तेच लिहिलं तर पहिला क्रमांक विभागून.)

निकाल

(गुणलेखकांची चिठ्ठी परीक्षकांच्या सहीनिशी हातात आल्यावरच बोला.) आता निकाल, तिसऱ्या क्रमांकापासून. संघाचं नाव ऐकल्यावर तिघांनीही मंचावर यायचं आहे, बरोबरच्या शिक्षकांनीही.

(बक्षीस समारंभानंतर) पाट्या आणि बझर टेबलावरच राहू द्या. नाश्ता मागच्या व्हरांड्यात आहे. दोन फुग्यांचा प्रयोग ज्यांना स्वतः करून बघायचाय त्यांनी मंचाजवळ थांबा, फुगे भरपूर आहेत.