सीटखालची नळी

(पायडलच्या लयीत, संथ ठेक्यावर)

*ध्रुवपद*

फ्रेम माझी बाविसाची, वाढली ना, घटली ना,
तुझी उंची मोजताना माझी नळी थकली ना.
सीट जरा वर घे गं, पाना लाव नि आवळ,
एक बोट वाढलीस, तरी माझ्याच जवळ.

साल १९७४, दसऱ्याला दारी आले,
झेंडू बांधला हँडलाला, हळद-कुंकू भाळी ल्याले.
हप्ते फिटेपर्यंत मी दुकानाची म्हणायची,
तरी आई सणासुदी मला कुंकू लावायची.

महापालिकेचा बिल्ला, पत्र्याचा तो, नंबराचा,
वर्षाला कर भरून हँडलाला लावायचा.
पेंटरानं चेनकव्हरी नाव बाबांचं रंगवलं,
तरी खरी मी कुणाची, मला नाही उमगलं.

पहाटेस कसब्यातून, नवा पूल ओलांडून,
वाकडेवाडीच्या पुढं खडकीचं वारं पिऊन,
भोंग्याआधी फाटकाशी सायकलींचे लोट यायचे,
काळ्या काळ्या दांड्यांतून बाबा मला ओळखायचे.

कॅरिअरला डबा त्यांचा, झुणका-भाकर असे त्यात,
सुटल्यावर रिकामाच वाजायचा खडखडत.
आधी होता तेलाचा दिवा, विझला तर शिपाई धरी,
मग आणला डायनामो, चाकासंगं गुरगुर करी.
चढावरती मिणमिणता, उतारावर लख्ख व्हायचा,
बाबांच्या पायांचा जोर रस्त्यावरती दिसायचा.

तू आलीस दांडीवरती, छोट्या सीटवर बसून,
अंगठ्यानं बेल दाबत, दोन्ही पाय हलवून.
मग एका सुट्टीमध्ये मला ओढत नेलंस तू,
दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारलंस तू.
शनिवारवाड्यापुढची धूळ सगळी झग्यामध्ये,
कलतं अंग, वाकडी मान, दांडी तुझ्या काखेमध्ये.

पडलीस तू, मीही पडले, फुटलं कोपर-ढोपर तुझं,
रक्त पुसायच्या आधी सरळ केलंस हँडल माझं.
नाव होतं बाबांचंच, बिल्ल्याचा कर भरत तेच,
पण जिच्यासंगं पडले, तिचीच मी, कळलं तेव्हाच.

फ्रेम माझी बाविसाची, वाढली ना, घटली ना,
तुझी उंची मोजताना माझी नळी थकली ना.

*(ठेका थांबतो. नुसतं बोलून)*

ऐक गं. सीटखाली एक नळी असते, फ्रेमच्या आत शिरलेली. बोल्ट सैल केला की ती वर येते, आवळला की तिथंच थांबते. तू पहिल्यांदा सीटवर बसलीस तेव्हा ती पार तळाशी होती, तरी तुझे पाय पायडलला जेमतेम पोचायचे. दर उन्हाळ्यात तू पाना मागून आणायचीस आणि मला थोडी उंच करायचीस. जिथं नळी थांबली, तिथं पावसाचं पाणी साचलं आणि गंजाचं एक कडं उमटलं. पुढच्या वर्षी आणखी वर दुसरी जागा, खाली दुसरं कडं. घराच्या भिंतीवर तुझी उंची कुणी लिहून ठेवली नाही. ती माझ्या अंगावर लिहिली गेली.

*(पुन्हा ठेका)*

हुजूरपागा, दोन वेण्या, कॅरिअरला दप्तर घट्ट,
चेन पडली भर पावसात, हात काळे, तरी हट्ट.
लकडी पूल, मग डेक्कन, फर्ग्युसनची झाडं दाट,
मैत्रीण मागं डबलसीट, पोलीस दिसता दुसरी वाट.
खडकवासल्याचं पाणी, भाजलं कणीस, ओलं वारं,
येताना तू पाय सोडून गायलीस गाणं सारं.

नळी आली शेवटाला. मिस्त्री म्हणाला, "काढू नको,
याहून वर निसटेल ती, जिवाशी खेळ मांडू नको."
त्या दुपारी कळलं मला, मापात माझ्या तू मावेना,
ताणून मोठं व्हावं म्हटलं, लोखंडाला ते येईना.

मग आली लूना दारी, पेट्रोलचा वास घेऊन,
जिन्याखाली उभी केलीस, माझी जागा तिला देऊन.
राग तिचा नाही केला, तिलाही पायडल होतं,
सुरू करताना तुझं पाऊल जुनी ओळख देत होतं.
नोकरी लागली पिंपरीला, घड्याळ काट्यावर चाले,
तुझ्या वेळा, माझा वेग, यांचे सांधे सुटत गेले.

बाबा परत आले मग. निवृत्तीचा हार सुकला,
कुलूप काढून, फडकं घेऊन एकेक आरा पुसला.
मंडईला जायचो रोज, हँडलाला दोन पिशव्या,
मेथी, मुळा, दुधी भोपळा, शेंगा कधी ओल्या, हिरव्या.

मग पाय चढेना झाला, टांग दांडीवर जाईना,
तरी मला घरी ठेवून एकटं त्यांना जाववेना.
ते चालायचे डावीकडून, हँडल हाती, हळूहळू,
चढ आला की दोघं थांबू, दम घेऊन पुन्हा वळू.
लोक पुसत, "बसत नाही, मग कशाला ओढता हिला?"
काठी धरायची लाज होती, त्यांनी माझा हात धरला.

तू मोठी होऊन गेलीस, ते म्हातारे होऊन उतरले,
दोघांच्याही मध्ये मीच, एवढीच्या एवढी उरले.

फ्रेम माझी बाविसाची, वाढली ना, घटली ना,
एका जागी उभी राहून वर्षं मला कटली ना.

एका सकाळी मंडईला कुणी मला नेलं नाही,
बोळात मी, टायर बसले, कुणी हवा भरली नाही.
सायकलींच्या या शहराचा रस्ता हॉर्नांनी भरला,
बिल्ल्याला कुणी पुसेना, नावाचा रंगही उतरला.

वाडा गेला बिल्डरकडं. तू आलीस गाडीतून,
पांढऱ्या बटा कपाळाशी, किल्ल्या हाती वाजवून.
भंगारवाला काटा घेऊन किलोचा तो भाव सांगे,
तुझं बोट नळीवर, कड्यामागं कडं लागे.
खालचं कडं, मधलं कडं, मग अगदी वरचं कडं,
तू म्हणालीस, "ही नको." काटा गेला पलीकडं.

मला वाटलं, नेशील गं कोथरूडच्या घरी तुझ्या,
बाल्कनीत उभी करून कुंड्या ठेवशील पाठी माझ्या.
बरं झालं, नाही नेलंस. शोभेला मी नव्हते आले,
पायांसाठी घडले होते, पायांपाशी परत गेले.
पेपर टाकणाऱ्या पोराला जिन्यातूनच हाक दिलीस,
"चालवशील का रे हिला?" आणि किल्ली हाती दिलीस.

*(ठेका थांबतो. नुसतं बोलून)*

पोराचे पाय पोचेनात. सीट खाली घ्यायची, तर नळी जाम. मिस्त्रीनं फटीत रॉकेल सोडलं, रात्रभर तसंच मुरू दिलं. सकाळी सीट धरून पिळली, हातोडीचे हलके टोले दिले. नळी करकरली आणि हलली. मग एकेक कडं आत शिरत गेलं: तुझं कॉलेज, तुझी दहावी, तुझी आठवी, तो पहिला उन्हाळा. बाहेरून आता काही दिसत नाही. तू तिथंच उभी होतीस. मिस्त्रीनं विचारलं, "एवढी खाली पुरे ना?" आणि पोराच्या आधी तूच म्हणालीस, "अजून थोडी."

*(ठेका जलद)*

ये रे पोरा, ऐक आता, माझ्या खोडी सांगते तुला,
डावं पायडल करकरतं, तेल दे दर रविवारला.
मागचा ब्रेक आधी दाब, पुढचा नुसता हळू धर,
मागच्या चाकाला आउट आहे, वेग ठेव बेतावर.
पेपर भिजू देऊ नकोस, कॅरिअरला प्लास्टिक लाव,
चेनकव्हर पुसून घे नि हवं तर लिही तुझं नाव.
चेन सैल आहे अजून, चढाला उभं राहू नको,
बोट बोट वर घे सीट, सगळी एकदम काढू नको.