डायकस्ट्रा सादरीकरण: विचारायचे प्रश्न

१. स्लाइडवर `O((V+E) log V)` लिहिलंय. हे बायनरी हीपसाठी. आलेख दाट असेल, म्हणजे `E` जवळपास `V²` असेल, तर साध्या अ‍ॅरेचा `O(V²)` सरस ठरतो. मग हीपच का निवडला? रस्त्यांचं जाळं विरळ असतं, हे उत्तर पुरेसं आहे. पण ते आकड्यांनी दाखवा.

२. तुमच्या कोडमध्ये डिक्रीज-की नाही, नवी नोंद सरळ हीपमध्ये ढकलता. मग शिळ्या नोंदी कुठे गाळता?

```python
if d > dist[u]: continue
```

ही ओळ काढली तर उत्तर बरोबरच येतं, पण वेळ का वाढतो? हीपमध्ये जास्तीत जास्त किती नोंदी साचतील, `V` की `E`?

३. १ कोटी शिरोबिंदूंना अ‍ॅडजसन्सी मॅट्रिक्स घेतलं तर 10¹⁴ घरं लागतात. तुमची मांडणी किती मेमरी घेते? कडेमागे किती बाइट, ते सांगा.

४. विजेच्या गाडीला उतारावर ऊर्जा परत मिळते, म्हणजे कडेचं वजन ऋण. इथे डायकस्ट्रा नेमका कोणत्या पायरीवर चुकतो? बेलमन-फोर्डचा `O(VE)` या आकाराला परवडेल का?

५. ए-स्टारमध्ये सरळ अंतराला सरासरी वेगाने भागलंय. कमाल वेगाने भागायला हवं ना? नाहीतर अंदाज खऱ्या वेळेपेक्षा जास्त येऊ शकतो आणि सर्वात जलद मार्गाची हमी जाते. हा प्रश्न सोडू नका.

६. वाहतूक बदलली की आधी करून ठेवलेल्या गणनेचं काय?