जुळे सोलापूर 2 बीएचके स्वतंत्र घर विक्रीला | 1200 स्क्वेअर फूट प्लॉट | ओल कुठंय तेपण दाखवलंय

नमस्कार मंडळी, विजापूर रोडपासून आत जुळे सोलापूरमधलं हे घर आहे, पूर्वमुखी, प्लॉट 30 बाय 40 म्हणजे 1200 स्क्वेअर फूट, गुंठ्यापेक्षा थोडा जास्तच. खाली बांधकाम साधारण 820, त्यात हॉल, किचन, 2 बेडरूम, आणि वर जिन्याला लागून एक 180 ची खोली. हे बाहेरून भिंतीसकट मोजलेलं माप आहे हां, कार्पेट नाही, नंतर टेप लावून भांडू नका.

एरिया पूर्ण रहिवासी, बहुतेक नोकरदार आणि रिटायर्ड लोकं, कारखाना-लूमचा आवाज नाही. समोरचा रस्ता 20 फुटी, एक कार दारात लावली की दुसरी जरा कसरत करूनच जाते.

किंमत पन्नास लाखाच्या आसपास सांगतायत, समोर बसल्यावर कमी-जास्त होईल पण चाळीस बोलणाऱ्यांनी उगाच फोन करू नका. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन वेगळं. घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत आहे, ते वकिलाला विचारून घ्या.

आता खरं सांगायचं ते. बांधकाम 2008 चं, आरसीसी, कॉलम-बीमला तडे दिसले नाहीत. पण मागच्या बेडरूमला कपाटामागं ओल आहे, मालकांना कपाट सरकवायला लावलं तर बोट लावल्याबरोबर पोपडा हातात आला, पलीकडं बाथरूम आहे ना, पाईप लीक असणार असं मला वाटतंय, प्लंबरला दाखवल्याशिवाय नक्की कळणार नाही. जिन्याच्या टोपीतून पावसात पाणी झिरपतं. बाथरूमचं दार खालून कुजलंय. वायरिंग जुनंच, दोन एसी लावायचे असतील तर बदलावं लागेल, आणि वरची खोली उन्हाळ्यात दुपारी भट्टी होते, तिथं कुणाला झोपवू नका.

पाण्याचं सोलापूरकरांना काय सांगायचं, नळ रोज येत नाही, म्हणून हौदाचं झाकण उघडून दाखवलंय, 5000 लिटरचा आहे आणि आतून साफ आहे. चार माणसांना पुरतो. बोअर आहे पण पाणी जड, वापरायलाच, आणि एप्रिल-मे मध्ये धार बारीक होते असं मालक स्वतःच म्हणाले.

कागदपत्रं: प्लॉट एनए, उतारा मालकाच्या नावावर, बांधकाम परवाना आहे. वरची खोली मात्र परवान्यात दिसत नाही, लोन काढणाऱ्यांनी हे बँकेला आधीच सांगा.

0:00 रस्ता आणि गेट
1:10 हॉल, किचन
3:25 मागची बेडरूम, ओल
5:40 हौद, बोअर
7:05 गच्ची, वरची खोली

व्हिडिओत लाईट वाढवलेली नाही, खोल्या आहेत तेवढ्याच दिसतील. बघायला यायचं असेल तर रविवारी सकाळी, आधी मेसेज टाकून, नंबर पहिल्या कमेंटमध्ये आहे.

#सोलापूर #जुळेसोलापूर #विजापूररोड #घरविक्री #2बीएचके #स्वतंत्रघर