दुधाच्या पिशवीचा कोपरा

आदरणीय परीक्षक, सर, मॅडम आणि माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार. मी सानिका, सातवी ब. माझा विषय आहे प्लास्टिकचा कचरा.

आता तुम्ही म्हणाल, परत प्लास्टिक? पाचवीपासून आपण निबंधात तेच लिहितोय, प्लास्टिक वाईट, प्लास्टिक टाळा. मला पण तसंच वाटायचं, पण तयारी करताना एक आकडा वाचला आणि तो काही डोक्यातून जाईना.

२०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हिशोब केला की १९५० पासून २०१५ पर्यंत जगात किती प्लास्टिक बनलं आणि त्याचं पुढं काय झालं. बनलं ८३० कोटी टन. त्यातलं ६३० कोटी टन कचऱ्यात गेलं. आणि त्या कचऱ्यातल्या दर १०० किलोतलं रिसायकल किती झालं माहितीये? फक्त ९ किलो! १२ किलो जाळलं आणि उरलेलं ७९ किलो कचरा डेपोत, नाल्यात, नदीत, समुद्रात, कुठं ना कुठं पडलंय. मी तर समजत होते की कचरागाडीत टाकलं की झालं, पुढं कुणीतरी त्याचं काहीतरी करत असणार.

कुठं पडलंय ते बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपण सांगलीचे आहोत, कृष्णेचा पूर आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१९ चा पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांना वरपर्यंत पिशव्या अडकल्या होत्या असं पप्पा सांगतात, पाणी कुठवर चढलं होतं ते त्या पिशव्यांवरूनच कळायचं म्हणे. त्या काय नदीनं तयार केल्या नव्हत्या, आपल्याच घरातनं, आपल्याच गटारीतनं गेलेल्या ना त्या!

मग मला प्रश्न पडला की ९ च किलो का? आमच्या गल्लीत भंगारवाले काका येतात हातगाडी घेऊन, त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "बाळा, पाण्याची बाटली आण, घेतो. दुधाची पिशवी धुऊन वाळवून आण, ती पण घेतो. पण हे वेफर्सचं, भडंगाचं चकचकीत पाकीट नको, त्याला पुढं कोण विचारत नाही." नंतर वाचलं तर कळलं की त्या चकचकीत पाकिटात प्लास्टिकला आतून ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटवलेला असतो आणि ते दोन्ही वेगळं करणं फार अवघड असतं. मग मी विचारलं, आणि बारीक तुकडे? काका म्हणाले, "ते कोण वेचत बसणार गं? वजनालाच येत नाहीत." खरंय ना, मातीत पडलेला नखाएवढा तुकडा कोण उचलणार.

म्हणजे जे मोठं, स्वच्छ आणि एकाच प्रकारचं आहे ते परत वापरात येतं. जे बारीक, घाण किंवा मिक्स आहे ते कायमचं राहतं.

आता सरकारनं आपल्या राज्यात २०१८ ला प्लास्टिकबंदी आणली, २०२२ ला देशभरात स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या पण बंद झाल्या, ते चांगलंच झालं. पण मी आज तुम्हाला दहा गोष्टी करा असं सांगणार नाही कारण दहा सांगितल्या की आपण एक पण करत नाही. एकच सांगते.

आपल्या घरी सकाळी दुधाची पिशवी येते. आपण कात्री घेतो आणि टचकन कोपरा कापतो. तो त्रिकोणी तुकडा ओट्यावर पडतो, दुधामुळं फरशीला चिकटतो, मग फडक्यानं पुसताना बेसिनमध्ये नाहीतर केरात जातो. पिशवी भंगारात जाईल पण तो कोपरा कधीच जाणार नाही. रोज दोन पिशव्या धरल्या तर एका घरातनं वर्षाला ७३० कोपरे! आमच्या वर्गात आम्ही ४८ जण आहोत, प्रत्येकाच्या घरी असंच धरलं तर ३५,०४० तुकडे, नुसते एका वर्गाचे हो!

म्हणून उद्या सकाळी आईला, आजीला, जे कोणी दूध तापवतं त्यांना सांगा, कोपरा पूर्ण कापू नका. फक्त एक चीर द्या, कोपरा पिशवीलाच लटकू दे, दूध तसंच मस्त पडतं, मी करून बघितलंय. आजी आधी म्हणाली की सांडेल, आता तीच मम्मीला सांगते "आख्खा कापू नगंस." मग पिशवी विसळायची, चिमट्याला लावून वाळवायची आणि साठल्या की भंगारवाल्या काकांना द्यायच्या.

माझं भाषण ऐकून घेतल्याबद्दल सगळ्यांचे आभार. जय हिंद, जय महाराष्ट्र!